वाढलेलं बांधकाम, मोजलेली चूक

पुण्याजवळ हिंजवडीकडे बांधकाम किती वाढलं, हे लँडसॅट उपग्रहाच्या दोन वर्षांच्या चित्रांवरून काढता येतं. चित्रातला एकेक चौकोन जमिनीवर ३० बाय ३० मीटरचा. ओळखीचे नमुने दाखवले की संगणक प्रत्येक चौकोन बांधकाम, शेत, पाणी अशा गटांत टाकतो. मे महिन्यात मात्र तो हमखास फसतो, कारण नांगरून पडलेलं रान त्याला काँक्रीटसारखंच उजळ दिसतं. दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली, पावसाळा सरल्यानंतरची घेतलेली बरी.

चूक किती, ते पडताळणीचा तक्ता सांगतो. समजा, नकाशात बांधकाम १०० चौरस किलोमीटर आणि बाकी ३०० आहे. दोन्हींतून १००-१०० ठिकाणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून त्याच वर्षाच्या अधिक स्पष्ट चित्रांत पाहिली. बांधकामातली ८० खरी निघाली; ‘बाकी’तल्या २ ठिकाणी इमारती सापडल्या. म्हणजे खरं बांधकाम ८० अधिक ६, सुमारे ८६. एकूण अचूकता ९३ टक्क्यांवर, तरी नकाशा १४ चौरस किलोमीटर फुगलेला!

दोन नकाशांची नुसती वजाबाकी केली तर दोन्हींच्या चुका उत्तरात उतरतात. म्हणून ‘नवं बांधकाम’ हा वेगळा गट धरून त्याचीच ठिकाणं दोन्ही वर्षांसाठी तपासतात.