नव्या घराचं वीजबिल आधीच काढा

हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. म्हणजे २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास लावला, तर महिन्याला ३० युनिट. ७५ वॅटचे तीन पंखे रोज दहा तास फिरले, तर साधारण ६८. पाच एलईडी दिव्यांचे ७-८.

फ्रिजला मात्र हा गुणाकार लावू नका. तो दिवसभर जोडलेला असला, तरी कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. स्टार लेबलवरचा वार्षिक आकडा २४० असेल, तर बाराने भागून २० युनिट धरा. बेरीज झाली सुमारे १२५.

एसीच्या लेबलवरचा आकडा १६०० तासांचा असतो. तो ८०० असेल, तर तासाला अर्धं युनिट. रोज आठ तासांचे महिन्याला १२०. एकूण २४५.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर टप्पा बदलतो. त्यामुळे एसीची सगळी युनिटं महागड्या दराने पडतात. शिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क असतंच. म्हणून सरासरी दराने गुणू नका. टप्प्याटप्प्याने हिशेब करा आणि राहायला गेल्यावर आठवड्याच्या मीटर रीडिंगशी तो ताडून पाहा.