स्कॅनरच्या प्रतिमेवरील रेघ : कारणे, पारख आणि उपाय

जुन्या दप्तरांचे स्कॅनिंग आता तालुक्याच्या कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीपर्यंत पोहोचले आहे. हे काम बहुधा सपाट काचेच्या स्कॅनरवर होते. या यंत्राचा एक दोष वारंवार आढळून येतो. कोणताही कागद ठेवला तरी प्रतिमेवर एकाच जागी वरपासून खालपर्यंत तीच बारीक रेघ उमटते. मजकूर वाचता येतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते आणि काम पुढे रेटले जाते.

हे दुर्लक्ष महागात पडू शकते, कारण देवनागरी लिपीत उभ्या रेघेला अर्थ आहे. अक्षरालगत काळी रेघ आली की ती काना म्हणून वाचली जाते आणि ‘कमल’चे ‘कमाल’ होऊ शकते. रेघ फिकट असेल तर ती खरा काना पुसट करते किंवा अनुस्वार गिळून टाकते. रुंद नोंदवही काचेवर आडवी ठेवून स्कॅन केली आणि नंतर प्रतिमा सरळ केली, तर हीच रेघ ओळीवर आडवी येते आणि नोंद खोडून रद्द केल्याचा भास होतो. मोडी कागदांत तर ओळीची शिरोरेषा आधी ओढून मग अक्षरे लिहिण्याचा प्रघात होता. तेथे आडवी रेघ यंत्राची की लेखकाची, हे प्रतिमेवरून ठरविणे कठीण जाते. म्हणून रेघ कोठून येते हे ओळखता येणे, दप्तर सांभाळणाऱ्यास आवश्यक आहे.

रेघ कशी निर्माण होते

स्कॅनरच्या काचेखाली रुंदीभर पसरलेला एक गाडा असतो. त्यावर दिवा आणि प्रकाश टिपणारी संवेदक पट्टी, किंवा प्रकाश त्या पट्टीकडे नेणारे आरसे बसविलेले असतात. गाडा काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकतो आणि कागदाचा एकेक अरुंद पट्टा वाचत जातो. संवेदक पट्टीवर हजारो सूक्ष्म बिंदू ओळीने असतात. त्यांतील प्रत्येक बिंदू कागदाच्या एकाच उभ्या रेषेचे वाचन करतो. म्हणून एखादा बिंदू चुकला, तर त्याची चूक पानभर लांबत जाते. रेघेचे मूळ येथे आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. मोठ्या काचेवर पडलेला धुळीचा कण सहसा रेघ काढीत नाही. गाडा त्याच्याखालून क्षणात निघून जातो, आणि प्रतिमेवर फक्त एक ठिपका उमटतो. काचेवर पुसण्याचा ओरखडा किंवा ओघळ लांबीच्या दिशेने असेल, तरच तेथे रेघ दिसते. याला एक अपवाद आहे. कागद आपोआप आत ओढणारा भाग ज्या यंत्रास जोडलेला असतो, तेथे गाडा एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. अशा यंत्रात मोठ्या काचेशेजारी एक अरुंद काचपट्टी असते. तिच्यावरील डिंकाचा किंवा शाईचा एक ठिपकाही प्रत्येक पानावर पूर्ण लांबीची रेघ काढतो. म्हणून पहिली परीक्षा अशी की, तोच कागद एकदा ओढणाऱ्या भागातून आणि एकदा काचेवर ठेवून स्कॅन करावा. रेघ केवळ पहिल्या प्रतीवर आली, तर ती अरुंद पट्टी पुसली की काम भागते.

पांढऱ्या पट्टीचे कार्य

मोठ्या काचेवर ठेवलेल्या कागदावरही रेघ येत असेल, तर कारण आत शोधावे लागते. गाडा जेथून निघतो त्या टोकाला, वरच्या चौकटीखाली, एक पांढरी पट्टी चिकटविलेली असते. कागद वाचण्यापूर्वी यंत्र ही पट्टी वाचते. सर्व बिंदूंना ती सारखीच पांढरी दिसली पाहिजे. जो बिंदू मंद वाचतो, त्याचे वाचन यंत्र तेवढ्या प्रमाणात वाढवून घेते. दिव्याच्या आणि संवेदकाच्या लहानसहान उणिवा या जुळणीने भरून निघतात.

आता या पांढऱ्या पट्टीवरच एखादा कण बसला, तर त्यासमोरील बिंदूस पट्टी काळसर दिसते. बिंदू निर्दोष असूनही यंत्र त्याचे वाचन वाढविते, आणि प्रतिमेवर फिकट, उजळ रेघ उमटते. पांढऱ्या कागदावर ही रेघ जवळजवळ दिसत नाही, कारण पांढऱ्याहून अधिक पांढरे काही उमटू शकत नाही. ती करड्या किंवा पिवळट जुन्या कागदावर, छायाचित्रावर आणि शिक्क्यावर दिसते. कोऱ्या पांढऱ्या कागदाने यंत्र तपासून ते निर्दोष ठरविणारे येथे फसतात.

याउलट कण संवेदक पट्टीवर, तिच्या भिंगांच्या ओळीवर किंवा आरशावर असेल, तर तो कागदाकडून येणारा प्रकाश अडवितो. कण लहान असल्यास जुळणीत त्याचा परिणाम बराचसा भरून निघतो. तो प्रकाश पुरता अडवीत असेल किंवा जुळणीनंतर तेथे येऊन बसला असेल, तर पांढऱ्या कागदावर काळसर रेघ दिसते. म्हणून पांढरा कागद आणि तपकिरी पाकीट अशा दोन्ही वस्तू स्कॅन करून पाहाव्यात. पाकिटावर उजळ रेघ आल्यास पांढऱ्या पट्टीवर संशय घ्यावा. पांढऱ्या कागदावर काळसर रेघ आल्यास संवेदकाच्या बाजूवर संशय घ्यावा.

केबलचा दोष वेगळा कसा ओळखावा

गाडा आणि यंत्रातील मुख्य पाटी यांना पातळ, चपटी, फितीसारखी केबल जोडते. गाडा सरकताना ती प्रत्येक वेळी वाकते आणि उलगडते. वर्षानुवर्षे वाकून तिच्यातील एखादी तार तडकते, किंवा तिचे टोक खाचेत सैल होते. धुळीची रेघ सरळ, बारीक आणि पानाच्या आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी असते. केबलचा दोष तसा शिस्तीत वागत नाही. पानाचा काही भाग निर्मळ येतो आणि गाडा ठराविक जागी पोहोचल्यावर रंगीत पट्टे किंवा आडवे चट्टे सुरू होतात, कारण त्या जागी केबलचा वाक तडकलेल्या तारेवर येतो. कधी एक रंगच नाहीसा होतो. जुळणी चालू असतानाच संपर्क तुटला, तर पानभर अनेक उभ्या रेघा येतात आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या जागा बदलतात. रेघ जागा बदलते की नाही, हीच येथील कसोटी होय.

एक उदाहरण

समजा, एका ग्रामपंचायतीत जन्मनोंदींच्या जुन्या वह्यांचे स्कॅनिंग चालू आहे आणि ६४० प्रतिमा झाल्यावर पिवळट पानांवर एक उजळ रेघ लक्षात आली. प्रथम वहीचे पान उलट दिशेने फिरवून ठेवावे. रेघ मजकुराबरोबर फिरली नाही, प्रतिमेत पूर्वीच्याच जागी राहिली, म्हणजे ती कागदाची नसून यंत्राची आहे. यंत्रास स्वतःची झेरॉक्स काढण्याची सोय असल्यास संगणकाविना एक प्रत काढावी. तिच्यावरही रेघ आली, तर संगणक आणि त्यातील कार्यक्रम निर्दोष ठरतात.

यानंतर पारदर्शक फूटपट्टी अंक काचेकडे करून गाड्याच्या रुंदीला समांतर ठेवावी, तिच्यावर तपकिरी पाकीट पसरावे आणि स्कॅन करावे. रेघ १२ सेंटिमीटरच्या खुणेवरून गेलेली दिसली. कागद पालथा ठेवल्यामुळे प्रतिमेतील डावी-उजवी बाजू आणि यंत्राची डावी-उजवी बाजू यांचा जो घोटाळा होतो, तो फूटपट्टीमुळे टळतो. पट्टी न हलविता, १२ च्या खुणेच्या सरळ रेषेत, गाडा निघतो त्या टोकाच्या चौकटीवर कागदाचा लहान तुकडा चिकटवून ठेवावा. कण त्या खुणेखालीच शोधावयाचा आहे.

सफाईपूर्वी यंत्र बंद करून विजेची जोडणी काढावी. धागे न सुटणारे मऊ फडके आयसोप्रोपाइल अल्कोहोलने किंचित ओले करून काच पुसावी आणि कोरड्या फडक्याने कोरडी करावी. द्रव काचेवर थेट शिंपडू नये, तो कडेने आत झिरपतो. ॲसिटोन, अमोनिया किंवा घासण्याची भुकटी वापरू नये. काच पुसूनही रेघ कायम राहिली, तर चौकट उघडावी लागते. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर हे काम उत्पादकाच्या तंत्रज्ञाकडेच द्यावे. उघडलेल्या चौकटीखाली, खुणेच्या रेषेत, पांढऱ्या पट्टीवर जुन्या कागदाचा कण दिसला. तो कोरड्या फडक्याने हलकेच काढला आणि पुन्हा पाकीट स्कॅन केले असता रेघ नाहीशी झाली. कण भिंगांच्या ओळीवर असता, तर तो रबरी फुग्याच्या हवेने उडवून द्यावा लागला असता. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे कण नवे डाग पाडतात. आरसे तर फडक्याने पुसूच नयेत, कारण त्यांचा मुलामा पुढच्या पृष्ठावर असतो आणि सहज खरवडतो.

सफाईलाही मर्यादा आहे. संवेदकाचा बिंदूच निकामी झाला असेल, तर रेघ पुसून जात नाही, तो भाग बदलावा लागतो. केबल सैल असल्यास तंत्रज्ञ तिचे टोक काढून पुन्हा नीट बसवितो. तडकली असल्यास ती बदलणे हाच उपाय आहे.

आधी झालेल्या प्रतिमांचे काय?

यंत्र दुरुस्त झाले, तरी सदोष प्रतिमा दप्तरात राहिल्या असतील. त्या शोधण्यासाठी सर्व ६४० प्रतिमा पाहण्याची गरज नाही. पांढऱ्या पट्टीवर बसलेला कण बहुधा तेथेच राहतो, म्हणून प्रतिमा क्रमाने लावून ३२० वी पाहावी. तिच्यावर रेघ असेल तर १६० वी, नसेल तर ४८० वी पाहावी. असे दर वेळी अर्धे करीत गेल्यास सुमारे दहा प्रतिमा पाहूनच रेघेचा आरंभ सापडतो. त्याआधीची काही पाने खात्रीसाठी तपासावीत आणि तेथून पुढील सर्व पाने मूळ वहीवरून पुन्हा स्कॅन करावीत.

संगणकावर रेघ पुसून प्रतिमा ‘स्वच्छ’ करण्याचा मोह मात्र टाळावा. रेघेखाली काय होते हे संगणक पाहू शकत नाही, तो शेजारच्या बिंदूंवरून ती जागा भरून काढतो. तेथे काना होता की नव्हता, याचे उत्तर केवळ मूळ पानावर असते. म्हणून प्रत्येक प्रतिमा तपासली जाईपर्यंत मूळ वह्या बांधून दूरच्या दप्तरखान्यात पाठवू नयेत, आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी एक पांढरा कागद व एक तपकिरी पाकीट स्कॅन करून पाहावे.