छाया संचालक

छाया संचालक (शॅडो डायरेक्टर) म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळावर नियुक्त नसलेली, परंतु जिच्या सल्ल्यानुसार, निर्देशानुसार किंवा सूचनेनुसार वागण्याची मंडळाला सवय झालेली आहे अशी व्यक्ती. वस्तुतः संचालक (डी फॅक्टो डायरेक्टर) ही संकल्पना याहून वेगळी आहे. वस्तुतः संचालकाची रीतसर नियुक्ती झालेली नसते किंवा ती सदोष असते, तरी तो उघडपणे संचालकाचे काम करतो. तो मंडळाच्या बैठकीत निर्णय घेतो व बाहेरच्यांशी कंपनीच्या वतीने संचालक म्हणून व्यवहार करतो. छाया संचालक मात्र आपण संचालक नाही असेच सांगतो आणि नियुक्त संचालकांच्या आडून कारभार चालवतो.

## भारतीय कायद्यातील स्थान

कंपनी अधिनियम, १९५६ मध्ये संचालकाच्या व्याख्येत, कोणत्याही नावाने का होईना, संचालकाचे स्थान धारण करणाऱ्या व्यक्तीचा समावेश होता. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २(३४) नुसार मात्र संचालक म्हणजे मंडळावर नियुक्त केलेला संचालक होय. त्यामुळे पडद्यामागील व्यक्ती या व्याख्येत थेट बसत नाही.

ही उणीव इतर व्याख्या काही अंशी भरून काढतात. ज्याच्या निर्देशांनुसार मंडळ किंवा एखादा संचालकही वागत आला आहे, तो कलम २(५९) नुसार कंपनीचा ‘अधिकारी’ ठरतो. कलम २(६०) मधील ‘कसूरदार अधिकारी’ या व्याख्येत, ज्याच्या सल्ल्यानुसार किंवा सूचनांनुसार मंडळ वागत आले आहे अशा व्यक्तीचा समावेश आहे. केवळ व्यावसायिक नात्याने सल्ला देणारा वकील किंवा सनदी लेखापाल यातून वगळला आहे. एखादी सूचना एकदा मानली गेली एवढे पुरेसे नसते. मंडळाला तसे वागण्याची सवय असल्याचे दिसावे लागते.

## कर्तव्ये केव्हा लागू होतात

संचालकांची कर्तव्ये कलम १६६ मध्ये आहेत. सद्भावनेने व कंपनीच्या हितासाठी काम करणे, योग्य काळजी घेणे, हितसंबंधांचा संघर्ष टाळणे आणि अनुचित लाभ न घेणे ही त्यांतील प्रमुख होत. या कलमाचा शब्द ‘संचालक’ असल्याने ते छाया संचालकाला थेट लागू होते असे त्याच्या शब्दांवरून म्हणता येत नाही. मात्र ज्या कलमांत कसुरीबद्दल ‘कसूरदार अधिकारी’ शिक्षेस पात्र आहे, तेथे तो सापडू शकतो. कपटाच्या प्रकरणी कलम ४४७ कोणत्याही व्यक्तीला लागू होते.

ब्रिटनमध्ये याउलट कंपनी अधिनियम, २००६ च्या कलम १७०(५) नुसार संचालकांची सर्वसाधारण कर्तव्ये, जेथे व जितकी लागू होऊ शकतील तितकी, छाया संचालकालाही लागू होतात.

## टाटा सन्स प्रकरण

मुंबईतील टाटा सन्स कंपनीत टाटा न्यासांचे सुमारे ६६ टक्के, तर शापूरजी पालनजी समूहाचे १८.३७ टक्के भाग होते. रतन टाटा डिसेंबर २०१२ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाले व मानद अध्यक्ष झाले. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी मंडळाने सायरस मिस्त्री यांना कार्यकारी अध्यक्षपदावरून दूर केले. त्यानंतर मिस्त्री कुटुंबाच्या दोन गुंतवणूक कंपन्यांनी दडपशाही व गैरव्यवस्थापनाविरुद्ध अर्ज केला. रतन टाटा व न्यासांचे एन. ए. सूनावाला हे संचालक नसतानाही छाया संचालकांप्रमाणे कारभारात ढवळाढवळ करतात, हा त्यातील एक आरोप होता.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने ९ जुलै २०१८ रोजी अर्ज फेटाळला. सल्ला व सूचना देणे म्हणजे कंपनीच्या हितास बाधक हस्तक्षेप नव्हे, असे त्याचे मत होते. अपील न्यायाधिकरणाने १८ डिसेंबर २०१९ रोजी उलट निर्णय दिला. संचालक मंडळाच्या किंवा वार्षिक सभेच्या बहुमताने घ्यावयाचे निर्णय रतन टाटा व न्यासांच्या प्रतिनिधींनी आगाऊ घेऊ नयेत, असा आदेशही त्याने दिला. २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला.

या प्रकरणात थेट प्रश्न दडपशाहीचा होता. छाया संचालकावर कसूर लादण्याचा नव्हता. तरीही मोठ्या भागधारकाचे मत विचारात घेणे आणि त्याच्या हुकमाने मंडळ चालणे यांतील फरक त्यातून समोर येतो. भागधारक सभेत आपल्या हितानुसार मतदान करू शकतो. मंडळावरील संचालकाला मात्र, त्याचे नाव कोणीही सुचवले असले तरी, कलम १६६(३) नुसार स्वतंत्र निर्णयबुद्धी वापरावी लागते.

## पुरावा

अशा दाव्यात मंडळाची इतिवृत्ते, ई-मेल व पत्रव्यवहार, तसेच सूचनेची तारीख आणि ठरावाची तारीख यांचा क्रम महत्त्वाचा असतो. सूचना येताच चर्चेविना तशाच स्वरूपाचे ठराव वारंवार मंजूर होत असतील, तर ‘वागण्याची सवय’ दाखवता येते. मंडळाने काही सूचना नाकारल्या किंवा बदलल्याची नोंद असेल, तर तो दावा दुबळा होतो.