दुसऱ्या दिवशीची रिकामी सकाळ

काका माझ्याकडे आले ते पोटासाठी नव्हे, पायांसाठी. वय ६८. जिना चढताना मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, रात्री छातीत धडधडतं. औषधं कोणती चालू आहेत विचारलं, तर त्यांनी खिशातून रक्तदाबाच्या गोळीची पट्टी काढली. लघवी वाढवणाऱ्या जातीची गोळी होती.

"आणखी काही?"

"काही नाही."

मागच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "अहो, चूर्णाचं सांगा की."

"ते काय औषध आहे?" काका चिडून म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी, पोट साफ होईना म्हणून, अर्ध्या चमच्यानं सुरुवात झाली होती. आता रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे भरून. तेवढ्यानंही सकाळी काम झालं नाही, तर मेडिकलमधून आणलेली पिवळी गोळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणून दाखवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सोनामुखी, ज्येष्ठमध, ओवा, काळं मीठ. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.८ आलं होतं. ते ३.५ ते ५ असायला हवं.

सोनामुखीच्या पानांतलं द्रव्य लहान आतड्यात जवळपास जसंच्या तसं राहतं. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जीवाणू त्याची फोड करतात आणि मग ते कामाला लागतं. म्हणूनच परिणाम दिसायला ६ ते १२ तास लागतात आणि म्हणूनच रात्री घेतलेलं चूर्ण सकाळी लागू पडतं. ते आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना डिवचतं, त्यामुळे स्नायू जोरात आकुंचन पावतात. शिवाय मलातलं पाणी आतडं एरवी शोषून घेतं, तेही थांबतं. पिवळी गोळी म्हणजे बिसाकोडिल, तिचंही काम साधारण असंच. या औषधांना उत्तेजक रेचकं म्हणतात. इसबगोल या गटात येत नाही. तो पाणी धरून मलाचा आकार वाढवतो, आतड्याला चाबूक मारत नाही.

आता काकांची एक साधी चूक पाहू. ती केवळ त्यांचीच नाही. मोठं आतडं दीडेक मीटर लांब असतं आणि त्यातून मल पुढे सरकायला सहसा एक-दीड दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. रोजच्या शौचात त्याचा फक्त शेवटचा भाग रिकामा होतो. जोरदार रेचकानं मात्र बराच मोठा भाग एकदम धुऊन निघतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी येणार काय? गोदामात मालच नाही! पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणार. पण माणूस त्या रिकाम्या सकाळीला बद्धकोष्ठ म्हणतो आणि रात्री पुन्हा चमचा भरतो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाच्या बाबतीत चालतं. 'रोज सकाळी झालंच पाहिजे' हा नियम आतड्यानं केलेला नाही, आपण केला आहे.

दुसरी साखळी पोटॅशियमची. वारंवार पातळ शौचातून पाणी आणि क्षार जातात. पाणी कमी झालं की शरीर अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढवतं. ते मीठ राखतं, पण त्या बदल्यात लघवीतून पोटॅशियम घालवतं. काकांच्या बाबतीत त्यात रक्तदाबाच्या गोळीची भर पडली, कारण तीही पोटॅशियम घालवते. तिसरा भागीदार होता डब्यातला ज्येष्ठमध. घशाला लावायला गुणकारी, पण रोज पोटात गेला तर त्याचा परिणाम अल्डोस्टेरॉनसारखाच होतो आणि रक्तदाबही वाढतो. पोटॅशियम उतरलं की स्नायू ढिले पडतात, मांडीचे पडतात तसे आतड्याचेही. आतडं मंदावतं, म्हणून रेचक वाढतं, म्हणून पोटॅशियम आणखी उतरतं. धडधड हे याच साखळीचं धोक्याचं टोक. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर हा धोका जास्तच.

"आतडं कायमचं आळशी होतं का हो?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. प्रामाणिक उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. वर्षानुवर्षं रेचकं घेणाऱ्यांच्या क्ष-किरण तपासणीत वळ्या गेलेलं, सैल नळीसारखं आतडं दिसल्याची नोंद १९४३ सालीच झाली होती. पुढे १९६८ मध्ये अशा आतड्यांतल्या मज्जातंतूंना इजा झाल्याचंही वर्णन आलं. पण त्या रुग्णांनी अनेक वर्षं भरमसाट मात्रा घेतल्या होत्या आणि त्यातली काही द्रव्यं आता वापरातच नाहीत. सोनामुखी किंवा बिसाकोडिल ठरलेल्या मात्रेत घेतल्यानं मज्जातंतू मरतात, असं नंतरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. कर्करोगाचे काही रुग्ण वेदनाशामक अफूजन्य औषधांवर असतात, त्यांना आम्ही स्वतः ही रेचकं दीर्घकाळ देतो.

मग सवय लागते ती कशाची? काहींना खरोखरच मात्रा वाढवावी लागते. त्याहून जास्त हरवते ती हाक. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्यात जोराच्या लाटा येतात, तीच नैसर्गिक वेळ. रोज रात्री औषधानं आतडं रिकामं केलं, तर त्या लाटेपुढे ढकलायला काही उरत नाही आणि माणूस तिच्याकडे लक्ष देणंही सोडून देतो. आयुर्वेदातही विरेचन हा आधी स्नेहन-स्वेदन आणि नंतर पथ्याचा क्रम सांभाळून करायचा उपचार आहे, रोज झोपताना उरकायचा नव्हे. हे मी काकांना सांगितलं तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत.

ईसीजी काढला, पोटॅशियम भरून काढलं, रक्तदाबाची गोळी बदलली, चूर्ण बंद केलं. पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत बदल झाला, रक्त पडलं किंवा वजन घटलं तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. काकांचं वजन थोडं उतरलं होतं, म्हणून तीही केली. आतड्याचं अस्तर बिबट्याच्या कातडीसारखं तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. सोनामुखीच्या जातीची औषधं महिनोन्‌महिने घेणाऱ्यांत हे दिसतं. तो कर्करोग नव्हे, आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत डाग पुसट होत जातात.

चूर्णाऐवजी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅम पूड, पेलाभर पाण्यातून, रोज. ती फक्त पाणी धरून ठेवते. नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, पायांखाली छोटं स्टूल घेऊन, पाचएक मिनिटं बसायचं. कुंथायचं नाही, मोबाइल न्यायचा नाही.

पहिल्या आठवड्यात काकांचे घोटे सुजले आणि पोट फुगलं. वाढलेलं अल्डोस्टेरॉन लगेच खाली येत नाही, पाणी धरून ठेवतं. नेमक्या याच वेळी बरेच जण घाबरून पुन्हा डब्याकडे वळतात. काकांनीही फोन केला, "डॉक्टर, शरीरात विष साठतंय." मी म्हटलं, साठतंय ते पाणी आहे, आठ-दहा दिवस थांबा. पुढच्या आठवड्यात सूज उतरली. पोटॅशियम ४.१ झालं. पूड पुढे तीन महिने चालली, मग दिवसाआड झाली.

चौथ्या महिन्यात पाय दाखवायला आले तेव्हा जिना नेहमीच्या चालीनं चढून आले. आता दोन दिवसांतून एकदा होतं, म्हणाले. तक्रार मात्र होतीच: "मधला दिवस फार मोकळा मोकळा वाटतो हो, काहीतरी राहिल्यासारखं."