खोबऱ्याला साबणासारखा वास का येतो?

नारळाच्या तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. ताज्या खोबऱ्यात हे आम्ल तेलात बांधलेलं असतं, म्हणून त्याचा वास जाणवत नाही. सुकं खोबरं नीट वाळलं नाही किंवा पावसाळ्यात दमट हवेत राहिलं, की ओलाव्यामुळे आणि बुरशीच्या विकरांमुळे तेल फुटतं आणि आम्ल मोकळं होतं. साबणही याच आम्लापासून बनतो, त्यामुळे वास आणि चव तशीच लागते.

अशी वाटी उजेडात धरून आतून पाहा. ती पांढरी, कोरडी आणि मोडताना कटकन तुटणारी असेल, तर एखादा घास पोटात गेल्याने सहसा अपाय होत नाही. पण भाजीची चव नक्की बिघडते. हिरवे, पिवळे वा काळे डाग दिसले, तर अख्खी वाटी टाका. काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं आणि भाजून वा शिजवूनही ते पुरतं जात नाही.

ओल्या नारळाचा आंबूस वास मात्र जंतूंचा असतो. पाणी आंबट, खोबरं बुळबुळीत किंवा करडं लागलं, तर चाखूनही पाहू नका.