पंगतीत टिकणारी लिपस्टिक

लग्नाच्या पंगतीतून हात धुऊन परतणाऱ्या बायकांचे ओठ जरा निरखून पाहा. कोणी काय लावलं होतं, हे बऱ्यापैकी ओळखता येतं. एखादीच्या ओठांच्या कडेची रेघ तेवढी शाबूत असते आणि आतला भाग पांढुरका पडलेला असतो. तिने बहुधा लिक्विड मॅट लावलेली असते. दुसरीचा रंग सकाळपेक्षा फिका, पण ओठभर सारखा असतो. ती टिंटवाली. तिसरीच्या ओठांवर काहीच उरलेलं नसतं आणि ती पर्स उघडून आरशासमोर उभी असते. तिची नेहमीची कांडीची लिपस्टिक जेवणाबरोबर पोटात गेलेली असते.

कांडीची लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि त्यांत घोटलेली रंगाची पूड. ती ओठावर नुसती बसलेली असते, म्हणून कपाला लागते, गालाला लागते, पदराला लागते. रंग टिकवायचा तर दोनच वाटा उरतात. एक तर रंग कातडीत मुरवायचा, नाही तर कातडीवर त्याचा चिवट पापुद्रा चढवायचा. स्टेन आणि पाण्यासारखे पातळ टिंट पहिल्या वाटेने जातात, लिक्विड लिपस्टिक दुसऱ्या. कोणती किती टिकेल, ओठांना कशी वाटेल आणि निघेल कशाने, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

आधी मुरणारे रंग. स्टेनच्या बाटलीत मुख्यतः पाणी, ग्लिसरीन, कधी थोडं अल्कोहोल आणि पाण्यात विरघळणारे रंग असतात. यातले काही रंग सरबतात आणि मिठाईतही वापरले जातात. पाणी उडून जातं आणि रंग कातडीच्या वरच्या, मृत पेशींमधल्या केराटिनला धरून बसतो. मेंदीही अशीच केराटिनला चिकटते आणि कातडीचे थर झडतात तशी उतरते. फरक इतकाच की ओठांवरचा हा थर तळहाताच्या मानाने फारच पातळ असतो आणि भराभर बदलतो. म्हणून मेंदी आठवडाभर दिसते, आणि टिंट फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुसट उरतो.

रंग मुरवण्याची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हेझल बिशप नावाच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेल कंपनीत काम केलं आणि घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करकरून न पुसणारी लिपस्टिक बनवली. १९५० मध्ये ती बाजारात आली आणि तुफान खपली. पुढे भागीदाराशी वाद होऊन त्यांना स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं, ती कथा वेगळी. त्या काळच्या अशा लिपस्टिकांचा आधार होता इओसिन जातीचे रंग. हे कातडीतल्या प्रथिनांशी घट्ट जोडले जातात. डबीत केशरी किंवा पारदर्शक दिसणारी आणि ओठावर गुलाबी होणारी ‘जादूची’ लिपस्टिक आजही मिळते, तिच्यात हेच रंग असतात. ‘प्रत्येकीच्या ओठांवर वेगळी छटा’ ही जाहिरात मात्र मी फारशी मनावर घेत नाही. केशरीचं गुलाबी होणं आम्लतेतल्या बदलामुळे घडतं, आणि चार मैत्रिणींनी लावून पाहिली तर चौघींचे ओठ थोड्याफार फरकाने गुलाबीच होतात.

दुसरी वाट पापुद्र्याची. लिक्विड मॅटच्या नळीवरची घटकांची यादी वाचली तर सुरुवातीलाच आयसोडोडेकेन हे नाव दिसतं. हा झटकन उडून जाणारा द्रव. त्यात एक सिलिकॉनचं रेझिन विरघळवलेलं असतं, त्याचं लांबलचक नाव ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट. रंगाची पूड आणि दाटपणासाठी थोडी मातीही असते. ओठावर लावल्यावर द्रव मिनिटा-दोन मिनिटांत उडतो आणि रेझिनच्या जाळ्यात रंग अडकून राहतो. पाणी, चहा, घाम यांचं त्यापुढे काही चालत नाही. पण तेल त्याला हळूहळू सैल करतं, आणि ओठांची आतली ओली कड त्याला नीट धरताच येत नाही. म्हणूनच जेवणानंतर आतला भाग उघडा पडतो आणि बाहेरची रेघ तशीच राहते.

हा फरक घरी पडताळायचा असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला दोन पट्टे ओढा, एक पाण्यासारख्या टिंटचा आणि एक लिक्विड मॅटचा. पंधरा मिनिटं थांबा. कोरडा टिश्यू दाबला तर मॅटचा डाग उमटत नाही, टिंटचा किंचित उमटेल. ओल्या बोटाने चोळलं की टिंट थोडा फिका होतो, मॅट हलत नाही. आता दोन्हींवर खोबरेल तेलाचा एकेक थेंब टाकून मिनिटभर थांबा आणि बोट फिरवा. मॅट चिखलासारखी वितळून बोटाला लागते. टिंट तेलाखाली जशाच्या तसा, कारण त्याचा रंग तेलात विरघळतच नाही. मनगटावरचे तास ओठांना लागू पडत नाहीत, तिथे ना लाळ पोचते ना घास. पण कोण कशाला घाबरतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

म्हणजे तुपाची धार, जिलेबी आणि मसालेभाताच्या पंगतीत टिंट तगतो, आणि दिवसभर फक्त चहा-पाणी असलेल्या कार्यालयात मॅट. रेझिन भरपूर असलेली चांगली मॅट पोळीला लावलेलं तूप सहन करते. वडापावपुढे किंवा तर्रीपुढे मात्र तीही हात टेकते.

मग सगळ्यांनी टिंटच का लावू नये? एक अडचण रंगाची आहे. पाण्यात विरघळणारे रंग पारदर्शक असतात. ते खालचा रंग झाकत नाहीत, त्यात मिसळतात. आपल्याकडे अनेकींचे ओठ मुळात गडद असतात, त्यावर फिका गुलाबी टिंट दिसतच नाही. बेरी, गडद लाल, मनुक्यासारख्या छटा उठून दिसतात. तपकिरी किंवा ‘न्यूड’ टिंटचं दुखणं वेगळं. लिपस्टिकमधला तपकिरी लोहाच्या ऑक्साइडपासून येतो आणि ते पाण्यात विरघळत नाही. टिंटमध्ये तो लाल, पिवळे, निळे रंग मिसळून जमवावा लागतो. हे रंग एका वेगाने उतरत नाहीत, त्यामुळे सकाळी तपकिरी लावलेला दुपारी बहुतेकदा गुलाबी होऊन बसतो. न्यूड हवा असेल तर पापुद्र्याची वाट धरावी, असं माझं सरळ मत आहे.

दुसरी अडचण वाटपाची. पाण्यासारखा टिंट लावल्यावर काही सेकंदांतच मुरतो, आणि जिथे कातडी कोरडी, सोललेली असते तिथे जास्त मुरतो. फुटलेल्या ओठांवर तो भेगाभेगांतून गडद ठिपक्यांसारखा दिसतो आणि अल्कोहोल असेल तर झोंबतोही. आधी आंघोळीनंतर मऊ ओल्या कापडाने सुटलेले पापुद्रे काढायचे, ओठ पूर्ण कोरडे करायचे, मग एका ओठाला एक ठिपका आणि लगेच बोटाने पसरवणं. ओठ एकमेकांवर घासायचे नाहीत.

सोलून काढायचे टिंट हा याचाच कोरियातून आलेला गमतीदार प्रकार. जेलीसारखा थर लावायचा, तोंड किंचित उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा आणि प्लास्टिकसारखा ओढून काढायचा. खाली रंग उरतो. ती पंधरा मिनिटं बोलता येत नाही, हा गुण की दोष ते घरच्यांनी ठरवावं.

खरेदी करताना एक फसगत हमखास होते. ‘टिंट’ नाव लावलेल्या सगळ्याच बाटल्या टिंट नसतात. ‘वेल्वेट टिंट’ म्हणून मिळणारी मलमली लिपस्टिक बहुतेक वेळा सिलिकॉनमध्ये घोटलेली रंगाची पूड असते. ती ओठांना सुखाची वाटते, पण फार मुरत नाही. नावापेक्षा घटकांची पहिली दोन-तीन नावं वाचावीत. पाणी आणि ग्लिसरीन आधी असेल तर मुरणारा रंग, आयसोडोडेकेन आधी असेल तर पापुद्रा, डायमेथिकोन आधी असेल तर बहुधा मधली गोष्ट.

ओठांना वाटतं कसं, याबाबतीत टिंट हलका असतो. लावल्याचं काही वेळाने विसरायला होतं, फक्त तो कोरडेपणापासून ओठांचं रक्षण करत नाही. मॅटची तक्रार वेगळी: ओठ ओढल्यासारखे वाटतात. द्रव उडताना थर आकसतो आणि सतत हलणाऱ्या ओठांवर तो पुरेसा वाकत नाही. जाड थर दिला की तो चिरतो आणि त्याचे कण ओठांच्या मधल्या रेघेत गोळा होतात. दुपारी त्यावरच दुसरा हात फिरवला तर नवा द्रव खालचा थर अर्धवट विरघळवतो आणि सगळं गुठळ्यांचं होतं. पातळ एकच थर द्यावा, दोन मिनिटं ओठ मिटू नयेत. आधी लावलेला बाम टिपून घ्यावा, कारण तेलकट ओठावर पापुद्रा पकडच घेत नाही. दिवसा दुरुस्ती करायचीच तर आतला भाग तेलाने पूर्ण पुसून नव्याने लावावा.

दोन्ही वाटा एकत्रही करता येतात. सकाळी नऊला मुहूर्त आणि दुपारी दोनला पंगत असेल, तर आधी गडद टिंट लावून दहा मिनिटं वाळू द्यावा, उरलेला ओलसरपणा टिपावा आणि त्याच छटेची मॅट अगदी पातळ चढवावी. जेवताना मॅटचा मधला भाग जाईल, पण खाली टिंटचा रंग असल्याने ती पांढुरकी खिडकी दिसणार नाही.

काढण्याचं कामही जातीनुसार. मॅट साबणाने आणि कोरड्या कापसाने घासणं म्हणजे ओठ सोलून घेणं. खोबरेल तेल किंवा दोन थरांचं, हलवून वापरायचं रिमूव्हर कापसावर घेऊन अर्धं मिनिट नुसतं दाबून धरावं, मग एका दिशेने पुसावं. अशा रिमूव्हरच्या वरच्या थरात बऱ्याचदा आयसोडोडेकेनच असतं. ज्याने थर बसवला, तोच तो उचलतो.

टिंटला हा उपाय नाही. तेलाने वरवरचं काय ते निघतं, बाकी कातडी झडेपर्यंत थांबावं लागतं. रात्री पेट्रोलियम जेली लावून झोपलं आणि सकाळी ओल्या मऊ कापडाने हलकं पुसलं, तर बराचसा रंग उतरतो. साखरेने खसाखसा घासू नये, त्याने ओठ फुटतात आणि पुढच्या वेळी रंग आणखी ठिपक्यांत बसतो.

खाज, सूज किंवा कडेने जळजळ झाली, तर मात्र रंग उतरण्याची वाट बघत बसू नये. इओसिन जातीच्या रंगांची ॲलर्जी डॉक्टरांच्या चांगली ओळखीची आहे. यादीत ‘सीआय ४५३८०’ किंवा ‘सीआय ४५४१०’ दिसलं तर तेच हे रंग. आणि ॲलर्जी कधीकधी खाजेऐवजी ओठ काळवंडण्यातून दिसते. तो काळपटपणा झाकायला बाई आणखी गडद टिंट घेते, आणि त्यातही तेच क्रमांक असू शकतात.