घर गारठलं, तर मालकाला काय लिहावं?

न्यूयॉर्क शहरात भाड्याच्या अनेक इमारतींमध्ये सगळ्या घरांना तळघरातल्या एकाच बॉयलरमधून ऊब मिळते. तो ऐन जानेवारीत बंद पडला, तर भाडेकरू मालकाला लिहितो, ‘घरात फार थंडी आहे.’ त्यावर ‘बघतो’ एवढंच उत्तर येऊ शकतं. पण थंडी किती म्हणजे फार, हे तिथल्या कायद्याने ठरवून दिलं आहे आणि तक्रारीला जोर येतो तो त्या आकड्यांनी.

१ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, सकाळी ६ ते रात्री १० दरम्यान बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटखाली (सुमारे १३ सेल्सिअस) गेलं, तर घरात किमान ६८ अंश (२० सेल्सिअस) हवेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बाहेर काहीही असो, घरात किमान ६२ अंश (सुमारे १७ सेल्सिअस) हवेत.

म्हणून आधी मोजमाप करावं. थर्मामीटर खिडकी आणि रेडिएटरपासून दूर, खोलीच्या मध्यावर ठेवावा. दर नोंदीला तारीख व वेळ लिहावी, दिवसा बाहेरचं तापमानही टिपावं. आपल्याच रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद नाही ना, हे पाहावं आणि शेजाऱ्यांकडेही तीच स्थिती आहे का, हे विचारावं.

मग ईमेल लिहावा. त्याचा मजकूर असा असू शकतो:

‘नमस्कार. सोमवारी संध्याकाळपासून आमच्या घरातला एकही रेडिएटर तापलेला नाही. सोमवारी रात्री ११ वाजता घरात ५६ अंश होते. मंगळवारी सकाळी ८ वाजता घरात ५७ आणि बाहेर २८ अंश होते. कायद्याने या वेळांना अनुक्रमे किमान ६२ आणि ६८ अंश आवश्यक आहेत. सर्व व्हॉल्व्ह उघडे आहेत. वरच्या मजल्यावरही हीच स्थिती आहे. घरात लहान मूल आहे. कृपया आजच तंत्रज्ञ पाठवावा आणि तो किती वाजता येईल, हे दुपारी २ पर्यंत कळवावं. दिवसभर घरी कोणीतरी असेल. तोवर काही न कळल्यास मला ३११ वर तक्रार नोंदवावी लागेल. थर्मामीटरचे फोटो सोबत जोडले आहेत.’

यात मालकावर आरोप नाही, भाडं थांबवण्याची धमकीही नाही. परस्पर भाडं थांबवलं, तर थकबाकीचा दावा अंगावर येऊ शकतो. ३११ ही शहराची तक्रारसेवा आहे. तिथून तक्रार गृहनिर्माण खात्याकडे जाते आणि निरीक्षक घरी येऊन तापमान मोजू शकतो. मात्र तो येईपर्यंत रेडिएटर तापला असेल, तर त्याला थंडी सापडत नाही. अशा वेळी, बिघाड वारंवार होत असल्यास, तारीखवार नोंदी आणि पाठवलेले ईमेल गृहनिर्माण न्यायालयात मांडता येतात.

उत्तराची वाट पाहताना ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन मात्र पेटवून ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जाऊ शकतो.